काळं कुठे अडतं

पनवेलच्या तहसील कचेरीच्या आसपास टायपिंग, झेरॉक्स आणि अर्ज लिहून देण्याची जी दुकानं आहेत, त्यांतलं एक आमचं. आमच्याकडे छापून घ्यायला येणाऱ्याला कागद स्वतः वाचायचा नसतो, कुठेतरी दाखवायचा असतो. सातबारा, फेरफार, वारसनोंदीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार. घरातलं पत्र फिकट आलं तर वाचणारा डोळे बारीक करून वाचतो. फिकट सातबारा घेऊन खिडकीशी उभं राहिलेल्या माणसाला मात्र परत पाठवलं जातं, आणि तो नेऱ्याहून किंवा वावंज्याहून एसटीने आलेला असतो.

फिकट पानावर सगळं सारखं फिकट होत नाही. आधी बारीक गोष्टी जातात. अनुस्वार जातो, रफार जातो, शिरोरेघ मधेमधे तुटते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. ०.२४.५० म्हणजे २४ आर ५० चौरस मीटर, २४५० चौरस मीटर जमीन. त्या दोन टिंबांपैकी एक उडालं की वाचणारा अडखळतो, आणि जमिनीच्या कागदावर वाचणाऱ्याने अडखळणं कुणालाच परवडत नाही. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर पडताळणीसाठी सोळा अंकी क्रमांक असतो. फिकट पानावर त्यातला १ आहे की ९ हे ठरवता आलं नाही, तर तो सगळा क्रमांकच वाया.

अशा वेळी लोक पहिलं वाक्य बोलतात ते 'टोनर संपला' हे. काट्रिज काढून आडवं हलवतात, परत बसवतात, दोन पानं बरी येतात, तिसरं पुन्हा तसंच. मग नवं काट्रिज येतं. टोनर खरोखर संपत आला असेल तर हे बरोबरच आहे. पण काट्रिज गेल्याच आठवड्यात भरलेलं असेल, हलवताना आतली पूड जड लागत असेल आणि तरी पान राखेसारखं येत असेल, तर पूड पुरेशी आहे का हा प्रश्न संपलेला असतो. तेव्हा ती पूड वाटेत कुठे अडते आहे, ते शोधायला हवं. ती दोनच ठिकाणी अडू शकते. एक तर ती ड्रमवर पुरेशी येत नाही, नाहीतर ड्रमवर येते पण तिथून कागदावर उतरत नाही. या दोन आजारांचं पान वरवर सारखंच दिसतं. उपाय मात्र इतके वेगळे आहेत की एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर नुकसानच होतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या दुकानात हेच झालं. जुलै होता, सलग पाऊस. रायगड जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा या एका महिन्याचा असतो. नेऱ्याच्या एक मावशी वारसनोंदीचे कागद घेऊन आल्या होत्या. पहिलं पान काढलं आणि त्यांनी ते उजेडाकडे धरलं. "ताई, हे माझ्या नजरेचं आहे का कागदाचं?" त्यांनी विचारलं. नजरेचं नव्हतं.

पहिली तपासणी घनतेची, कारण ती बसल्या जागी होते. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये `Print Density` नावाची पट्टी असते. बऱ्याच छोट्या प्रिंटरांत ती १ ते ५ अशी असते आणि कारखान्यातून ३ वर येते. शेजारीच कुठेतरी टोनर वाचवण्याचा पर्याय असतो, `Toner Save` किंवा तत्सम नावाचा. तो कुणी चालू करून ठेवला असेल तर पान मुद्दामच फिकट येतं आणि शोध तिथेच थांबतो. दुकानात चार जण एकच संगणक वापरतात, त्यामुळे हे आधी पाहायचं. आमच्याकडे तो बंद होता आणि घनता ३ वर होती.

घनता वाढवल्याने नेमकं काय होतं, हे कळलं की तिच्यावर किती भरवसा ठेवायचा तेही कळतं. काट्रिजमध्ये एक मॅग रोलर असतो. टोनरची पूड त्याच्या अंगावर पातळ थराने चिकटते आणि तिथून ड्रमवर उडी मारते. लेझरने ड्रमवर जिथे अक्षर लिहिलेलं असतं, तिथेच ती बसते. मॅग रोलरवर किती विद्युतदाब ठेवायचा, हे घनतेच्या आकड्याने बदलतं. आकडा वाढला की जास्त पूड उडी मारते आणि ड्रमवरचं अक्षर जाड होतं. या आकड्याची सत्ता इथपर्यंतच. ड्रमवरची पूड पुढे कागदावर उतरते की नाही, यावर त्याचा काही ताबा नाही.

आम्ही तेच पान १ वर, ३ वर आणि ५ वर काढलं आणि तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले. १ आणि ५ मध्ये फरक होता, म्हणजे सेटिंग प्रिंटरपर्यंत पोचत होती. पण ५ वर काढलेलं पानही काळं नव्हतं. अक्षरांच्या कडा जाड झाल्या होत्या आणि पोट मात्र ठिपक्याठिपक्यांचं राहिलं होतं. अर्जाच्या वरचा जाड मथळा बारीक मजकुरापेक्षाही वाईट होता, भिंतीचा रंग उडावा तसा. याहून बोलकी खूण पानाच्या कडांना होती. मधल्या ओळी बऱ्या, डावी-उजवी टोकं फिकट. इथे घनता ५ वर ठेवून काम रेटणं सोपं होतं आणि पुष्कळ ठिकाणी तेच केलं जातं. तसं केलं की टोनर लवकर संपतो, 'ष' आणि 'ठ' यांची पोटं बुजतात, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. मी पट्टी परत ३ वर आणली. तपासणी चालू असताना घनता मूळ जागी असावी, नाहीतर पुढे काय कशामुळे झालं ते कळत नाही.

तेवढ्यात आमचे दुरुस्तीवाले आले. त्यांना या गल्लीत सगळे भाई म्हणतात. त्यांनी पान पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि जी चाचणी केली ती प्रत्येक प्रिंटरवाल्याला यायला हवी असं मला मनापासून वाटतं. तिला एक रुपयाही लागत नाही, आणि वर सांगितलेले दोन आजार ती एका मिनिटात वेगळे करते.

त्यांनी जाड मथळ्याचं तेच पान छापायला सोडलं. कागद आत ओढला गेला, पान साधारण अर्धं आत गेलं असेल, आणि त्यांनी पुढचं झाकण उघडलं. झाकण उघडलं की आतली चाकं जागीच थांबतात. मग प्रिंटरची वायर काढली, कारण आत हजार व्होल्टच्या पुढचा दाब खेळत असतो. काट्रिज अलगद बाहेर काढलं, ड्रमवरची झडप बोटाने मागे सारली आणि ते ट्यूबलाइटकडे पाठ करून उभे राहिले. ड्रमला उजेड सोसत नाही, म्हणून हे काही सेकंदांतच पाहून घ्यायचं आणि ड्रमला बोट लावायचं नाही.

हिरवट चकचकीत ड्रमवर आमचा मथळा आरशात दिसावा तसा उलटा उमटलेला होता आणि तो कोळशासारखा काळा होता. कागदाला अजून न टेकलेल्या भागावर अक्षर भरगच्च होतं. म्हणजे लेझर ठीक, मॅग रोलर ठीक, टोनर ठीक, घनता ठीक. भाईंनी ड्रम किंचित तिरका केला आणि कागदाला टेकून पुढे गेलेला भाग दाखवला. तो भाग जवळजवळ स्वच्छ असायला हवा. पूड कागदावर गेली की मागे उरतो तो नुसता धुरकट डाग. आमच्या ड्रमवर तिथेही अक्षरं वाचता येत होती. "पूड आली, उतरली नाही," भाई म्हणाले. हे चित्र उलट असतं, म्हणजे न टेकलेल्या भागावरच अक्षर फिकट असतं, तर दोष मॅग रोलरचा, झिजलेल्या ड्रमचा किंवा लेझरच्या काचेवर बसलेल्या धुळीचा ठरला असता, आणि पुढचा सगळा शोध दुसऱ्याच बाजूला गेला असता.

ड्रमवर राहिलेली पूड परत वापरात येत नाही. काट्रिजमधली वायपर ब्लेड ती खरवडून वेस्टच्या कप्प्यात टाकते. म्हणून अशा दिवसांत पान फिकट येतं तरी टोनर नेहमीइतकाच खर्च होतो आणि घनता वाढवली तर त्याहून जास्त. काट्रिज भरायला देताना वेस्टचा कप्पा लवकर गच्च झालेला दिसला, तर तीही एक साक्ष समजावी.

आता प्रश्न उतरवणाऱ्याचा, म्हणजे ट्रान्सफर रोलरचा. काट्रिज काढल्यावर खाली आडवा दिसतो तो काळा स्पंजी दांडा. ड्रमवरची पूड ऋण भाराची असते. कागद ड्रम आणि या रोलरच्या मधून सरकतो तेव्हा रोलर कागदाच्या पाठीला धन भार देतो आणि पूड कागदाकडे ओढली जाते. पुढे तापलेला रोलर ती वितळवून पक्की करतो. ड्रमवरून कागदावर पूड उतरवण्याची ही अडचण या तंत्राच्या पहिल्या दिवसापासूनची आहे. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसनने गंधक लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर तारीख आणि जागेचं नाव पुडीने उमटवलं. मग मेणकागद त्यावर दाबून ती अक्षरं कागदावर घेतली आणि गरम करून पक्की केली. तो एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा, रात्री कायद्याचा अभ्यास करायचा आणि नकला करून त्याचा हात दुखायचा. कागदपत्रांच्या नकलेपायीच ही सगळी यंत्रं जन्माला आली, आणि कचेरीच्या गल्लीत बसून ते आठवलं की मला त्या माणसाबद्दल आपलेपणा वाटतो.

भाईंनी रोलर नुसत्या नजरेने तपासायला घेतला. स्पंजाला उघड्या बोटाने हात लावायचा नाही, कारण बोटाच्या तेलाचा डाग जिथे बसेल तिथे पूड नीट उतरत नाही. पाणी किंवा स्पिरिटने पुसायचं नाही. उचलायचाच झाला तर दोन टोकांच्या लोखंडी दांड्याला धरून. स्पंजावर काळी पूड साचली असेल तर कोरड्या मऊ कापडाने न रगडता झटकायची. त्याहून चांगलं म्हणजे पाच-सहा कोरी पानं सोडायची. पानांच्या मधल्या वेळात प्रिंटर रोलरवरचा भार उलटा करतो आणि ही पूड ड्रमकडे परत धाडतो. अर्ध्यात थांबवण्याच्या चाचणीनंतर हे करावंच लागतं, नाहीतर पुढच्या पानाची पाठ काळी होते.

मग दोन्ही टोकं. रोलर दोन काळ्या बुशांत फिरतो आणि बुशांखाली स्प्रिंगा असतात. त्यांतल्या एका बाजूने वीज आत येते. तो संपर्क काळवंडला किंवा पुडीने माखला, तर पूर्ण पान वरपासून खालपर्यंत सारखं फिकट येतं. एका बाजूची स्प्रिंग बसली तर पानाची तीच बाजू फिकट येते. स्पंजाला एखाद्या ठिकाणी खड्डा किंवा तेलाचा डाग असेल, तर फिकट ठिपका ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येतो आणि ते अंतर रोलरच्या घेराइतकं असतं. आमचा रोलर जाडीला १५ मिलिमीटर, म्हणजे घेर ४७. आमच्या छोट्या ड्रमचा व्यास २४, म्हणजे घेर ७५. पट्टी घेऊन पानावर मोजलं की डाग कोणाचा ते ठरतं. आमच्या पानावर असं पुन्हा पुन्हा येणारं काहीच नव्हतं. संपर्क स्वच्छ होता, दोन्ही स्प्रिंगा सारख्या दबत होत्या. रोलर जुना होता, पण या गुन्ह्याचा पुरावा त्याच्या अंगावर सापडला नाही.

जुना रोलर नुसता पाहून चांगला की वाईट हे सांगता येत नाही, हेही मान्य करायला हवं. स्पंज किती वीज जाऊ देतो यावर त्याचं काम चालतं आणि वर्षानुवर्षांत तो गुण दिसायला काहीही न बदलता ढळतो. साध्या मीटरने तो मोजताही येत नाही, कारण मीटरचा दाब काही व्होल्टचा आणि रोलर चालतो हजाराच्या पुढे. अशा वेळी खात्रीचा उपाय एकच, त्याच मॉडेलचा चांगला रोलर घालून पाहणं. भाई तो आणायला निघालेच होते. जाता जाता त्यांनी ट्रेमधला कागद उचलला, एका कोपऱ्याला धरून हवेत हलवला आणि थांबले.

कोरा करकरीत कागद हलवला की खडखडतो. हा निमूट लोंबला. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड जसा सादळतो, तसा तो सादळला होता. आमची रीम मागच्या बाजूला, ओल धरलेल्या भिंतीलगतच्या फळीवर उघडी होती. पुढे एसी लावलेला, मागे पावसाची हवा. "ताई, रोलर काय करणार," भाई म्हणाले, "भार कागदातच जिरतोय."

त्यांच्या त्या एका वाक्यात सगळं होतं. कोरडा कागद वीज सहजासहजी जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या पाठीला दिलेला भार तिथेच टिकतो आणि पुडीला ओढून धरतो. कागदाने पाणी धरलं की त्याचा विरोध कितीतरी पटींनी उतरतो. रोलरने दिलेला भार कागदातून पसरत जवळच्या लोखंडी पट्टीत निघून जातो आणि पुडीला ओढायला कुणी उरत नाही. जिथे पूड सर्वांत जास्त उतरवायची असते, त्या जाड मथळ्याची सर्वांत आधी फजिती होते. रीमच्या गठ्ठ्यात दमट हवा कडांनी शिरते, म्हणून पानाच्या कडा आधी फिकट होतात. ट्रेमध्ये रात्रभर राहिलेली वरची पानं सर्वांत जास्त ओल पितात, म्हणून सकाळचं पहिलं पान सर्वांत वाईट येतं आणि गठ्ठा खाली जाईल तसं पान सुधारत जातं. आमच्याकडे हे तिन्ही घडत होतं आणि डोळ्यांसमोर होतं.

त्यात एसीची भर पडली असावी. बरेच प्रिंटर काम सुरू करताना नुसत्या रोलरमधून थोडी वीज सोडून त्याचा विरोध पाहतात आणि त्यावरून किती दाब द्यायचा ते ठरवतात. पुढच्या खोलीत, एसीच्या हवेत बसलेला रोलर बराचसा कोरडा असतो. आतून आलेला कागद मात्र ओला. प्रिंटरने जो हिशेब केला तो कोरड्या दिवसाचा, आणि मधून गेला तो जुलै.

ट्रेमधला सगळा गठ्ठा काढला, नव्या रीमचं वेष्टन फोडलं, त्यातले पन्नासेक कागद फडफडवून ट्रेमध्ये ठेवले. घनता ३ वरच. वारसनोंदीचा अर्ज निघाला तो काळा कुळकुळीत. मावशींनी पान पुन्हा उजेडाकडे धरलं आणि घडी न घालता पिशवीत सरळ ठेवलं. नवा रोलर मागवायची गरज राहिली नाही.

तेव्हापासून रीमचं वेष्टन मी लागेल तेव्हाच फोडते. हे वेष्टन ओल अडवणारं असतं आणि ते फाडून टाकणं म्हणजे कागद पावसात ठेवणंच आहे. उरलेली रीम त्याच वेष्टनात गुंडाळून प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जाते. रात्री दुकान बंद करताना ट्रे रिकामा करायचा. आतल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात एक लहान जुन्या पद्धतीचा बल्ब लावला आहे, कागदापासून वीतभर लांब. कोकणात तबला-पेटी आणि कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी लोक हेच करत आले आहेत. मोठ्या झेरॉक्स मशीनांच्या कागदाच्या ट्रेखाली तर ओल घालवणारा हीटर बसवायची सोयच असते.

स्टॅम्प पेपरचा मामला वेगळा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून करारनाम्यासारख्या कामांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, त्यामुळे एक पान वाया जाणं आता पाचपट महाग पडतं. रीम बदलता येते, पण स्टॅम्प पेपर गिऱ्हाईक आणतं तोच वापरावा लागतो, आणि तो पावसातून, छत्रीखालून, पिशवीच्या ओल्या कापडातून आलेला असतो. कागद जाड, म्हणून ओलही जास्त धरतो. अशा वेळी गिऱ्हाइकाला मी तासाभराने यायला सांगते आणि पेपर बल्बच्या कपाटात सपाट ठेवते. घाई असली तर तो एकदा कोरा प्रिंटरमधून सोडते. तापलेल्या रोलरखालून गेला की बरीच ओल उडते, प्रिंटरच्या तोंडाशी वाफ दिसते. मात्र पेपर वळतो, म्हणून हाताने उलटा दाबून सपाट करावा लागतो आणि दुमडलेला कोपरा असेल तर हा प्रयोग करायचाच नाही, तो आत अडकतो. मग सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार जाड असा निवडायचा, आधी साध्या कागदावर एक पान काढून मथळ्याचं पोट भरलं आहे का ते पाहायचं, आणि नंतरच स्टॅम्प पेपर एकेक करून हाताने घालायच्या खाचेत सरकवायचा. पाऊस खूप असला तर करारनामे मी सकाळी पहिल्या तासात घेतच नाही.